ओल कुठून सुरू: मे महिन्यातल्या बाहेरच्या शूटच्या पर्यायी आराखड्याच्या नोंदी

बावीस मिनिटांचा लघुपट, अठरा सीन, त्यातले अकरा उघड्यावरचे. लोकेशन भोर तालुक्यातलं एक गाव. शूट २१ ते २५ मे २०२५, माणसं चोवीस. मी मुख्य सहायक दिग्दर्शक होते, आणि पटकथेच्या शेवटच्या दोन खर्ड्यांत लेखकासोबत बसले होते. पावसाळ्याच्या तोंडावर कुणी छोट्या बजेटमध्ये बाहेर शूट करणार असेल तर या नोंदी कामाला येतील. आकडे आमच्या खर्चवहीतले आहेत.

२८ एप्रिल

गोष्ट थोडक्यात अशी. पाऊस तोंडावर आला आहे आणि म्हातारीच्या घराची शाकारणी राहिली आहे. पुण्यातला मुलगा तिला न्यायला येतो, तिला जायचं नाही. तीन दिवसांची गोष्ट. शेवटच्या दोन सीनमध्ये, सतरा आणि अठरामध्ये, पाऊस येतो. त्याआधी सगळं कोरडं.

आज ब्रेकडाउन केलं. प्रत्येक सीनपुढे तीन रकाने: जागा, वेळ, पाऊस आला तर काय. तिसऱ्या रकान्यात अकरापैकी आठ सीनपुढे मी ‘घरातला सीन घेऊ’ एवढंच लिहिलं. घरातले सीन सात आहेत, म्हणजे पुरतील असा हिशोब. हा हिशोब का चुकला ते पुढे येईलच.

एक दिवस वाया गेला तर किती जातात तेही मांडलं. कॅमेरा आणि लेन्स १४,०००, लाइट आणि जनरेटर १८,०००, साउंड ९,०००, जेवणखाण ८,४००, राहणं ९,६००, गाड्या ९,०००. एकूण ६८,०००. राखीव रक्कम ४०,००० आहे. म्हणजे पूर्ण एक दिवस बुडाला तर आम्ही तो परत उभा करू शकत नाही.

४ मे

वेळापत्रकाचा पहिला आराखडा वळवाच्या स्वभावावर बेतला. वळीव बहुतेक दुपारनंतर येतो. सकाळ तापते, दुपारी ढग चढतात, चार-पाचच्या सुमारास वारा सुटतो आणि बरसून मोकळा होतो. शिवाय आमच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य दुपारी जवळपास थेट डोक्यावर असतो. अकरा ते तीन या वेळात नटाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, तेव्हा तसंही बाहेर शूट नको असतं. म्हणून रोज सकाळी सव्वासहा ते साडेदहा बाहेर, दुपारी घरात, आणि संध्याकाळ मोकळी मिळाली तर पुन्हा बाहेर.

कॅमेरामनना हे पटलं, दिग्दर्शकालाही पटलं. वळवासाठी हा आराखडा आजही मला बरोबर वाटतो. पण तो वळवापुरताच आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

११ मे

दुसरी रेकी, म्हणजे लोकेशनची पाहणी. काल हवामान खात्याने केरळात मोसमी पाऊस २७ मेला येईल असा अंदाज दिला, चार दिवस मागेपुढे. नेहमीची तारीख १ जून. चार दिवस आधी धरलं तर २३ मे, म्हणजे आमचा तिसरा दिवस. केरळातून इथपर्यंत यायला पावसाला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पण मोसमी पाऊस पोचण्याच्या आधीही अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन भिजवू शकतो. तो विचार केला नाही.

आजचं मोठं काम म्हणजे आवाजाची चाचणी. घर कौलारू आहे, पण मागची पडवी आणि गोठा पत्र्याचा. घरातल्या सातपैकी तीन सीन पडवीत आहेत. म्हणजे पाऊस आला की आम्ही ज्या जागेत पळणार, तिच्या डोक्यावर पत्रा. साउंड रेकॉर्डिस्ट दादांनी विहिरीवरच्या मोटारीचा पाइप पत्र्यावर धरायला सांगितला. मी आणि दिग्दर्शक खाली बसून सीन तेराची वाक्यं वाचत होतो. आम्हाला एकमेकांचं ऐकू येत होतं. दादांनी हेडफोन माझ्या कानाला लावला, तेव्हा शब्द पार बुडालेले होते. कढईत सतत काहीतरी तळत असावं तसा आवाज, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी माझं वाक्य.

मग पत्र्यावर भाताचा पेंढा वीतभर पसरला, त्यावर गोणपाट टाकलं, कडेला दगड ठेवले, आणि पुन्हा पाणी. फरक पुष्कळ पडला. थेंब आधी गोणपाटावर पडतो, पेंढ्यात जिरतो आणि पत्र्यापर्यंत निथळत जातो. रिमझिम असेल तर सिंक साउंड, म्हणजे शूट करतानाच घेतलेला संवादांचा आवाज, चालेल, जोराच्या सरीत नाही. कौलारू माजघरात मात्र जोराच्या पाण्यातही बोलणं स्वच्छ आलं.

त्यावरून घरातल्या सीनची यादी दोन भागांत फोडली. माजघरातले चार कुठल्याही पावसात चालतील. पडवीतले तीन फक्त रिमझिमीत, किंवा संवाद नंतर डब करण्याची तयारी ठेवून. म्हणजे खरे राखीव सीन सात नाहीत, चारच आहेत. गोणपाट आणि पेंढा मिळून १,९००.

१५ मे

आज पटकथेवर खरं काम झालं.

लेखकाचा प्रश्न साधा होता. सीन नऊ, बांधावर मायलेकांचं भांडण. पाऊस आला आणि आपण ते माजघरात नेलं तर उरलं काय? ती शेताकडे बघते आणि तो मोबाइलकडे, यावरच तर सीन उभा आहे. बरोबर होतं त्याचं. बाहेरचा सीन उचलून आत ठेवला की पर्याय तयार झाला, असं होत नाही. म्हणून आम्ही प्रश्न बदलला. हा सीन कुठे नेता येईल हे विचारायचं सोडलं आणि हा सीन भिजलेल्या जमिनीवर घडला तर गोष्टीत काय बदलेल, ते पाहायला लागलो.

बदलायचं एकच. पाऊस सतराव्या सीनमध्ये पहिल्यांदा येतो, आणि आधीची जमीन ओली दिसली तर त्या येण्याला अर्थ उरत नाही. यावर उपाय निघाला तो एका वाक्याचा. सीन पाचच्या शेवटी, माजघरात, म्हातारी म्हणते: “रात्रीच्या वळवानं कोपऱ्यातली दोन कौलं फुटली. आता शाकारणी लांबवून चालायची नाही.” हे वाक्य आलं की सहापासून पुढे अंगण, बांध, वाट, सगळं ओलं असायला मोकळीक मिळते. वळीव येऊन गेला आहे, खरा पाऊस अजून यायचा आहे, आणि घाईलाही कारण मिळतं.

आम्ही त्याला ‘ओल कुठून सुरू’ म्हणायला लागलो. तीन जागा ठरल्या. मूळ पटकथेत ओल सतराव्या सीनला सुरू होते. दुसऱ्या पर्यायात नवव्या सीनच्या आधी, तिथेही असंच एक वाक्य. तिसऱ्यात पाचव्यानंतर. नियम असा की ओल एकदा सुरू झाली की मागे जायचं नाही. आधीचे सगळे बाहेरचे सीन कोरडे, नंतरचे सगळे ओले. कोरडी जमीन पाइपने ओली करता येते, ओली जमीन कोरडी करता येत नाही. म्हणून बाहेरचे सीन शक्यतो गोष्टीच्या क्रमाने घ्यायचे, मग खरा पाऊस जिथे गाठेल तिथे ओल सुरू झाली असं धरता येतं.

कागदावर ते असं दिसतं. मूळ पानं पांढरी, ओल्या आवृत्तीची पानं निळी, आणि प्रत्येक निळं पान त्याच सीनच्या पांढऱ्या पानासमोर लावलेलं. नट दोन्ही पाठ करतात. बहुतेक ठिकाणी फरक दोन-तीन वाक्यांचा किंवा फक्त कृतीचा आहे. सीन सहा, म्हणजे शाकारणी, त्याच्या निळ्या पानावर मुलगा छपरावर चढतच नाही, शिडीवर उभा राहून गड्याच्या हातात कौलं देतो. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर कुणालाही चढवायचं नाही हे मी लेखकाकडून पटकथेतच लिहून घेतलं. सेटवर ‘एकच शॉट’ म्हणून कुणी आग्रह धरला की वाद घालत बसावं लागू नये.

एक चूक आजच सापडली. ओल्या आवृत्तीला मी ‘९अ’ असा नंबर दिला होता, आणि ९अ नावाचा वेगळा छोटा सीन पटकथेत आधीपासून होता. क्लॅपवर हा घोळ झाला असता तर संकलकाने डोकं धरलं असतं. आता सगळीकडे ‘९ ओला’ असं पूर्ण लिहितो.

१९ मे

निर्णयाच्या वेळा ठरवल्या. रोज संध्याकाळी साडेसहाला मी, दिग्दर्शक आणि कॅमेरामन बसणार. खात्याचा जिल्ह्याचा अंदाज पाहायचा आणि उद्याच्या कॉल शीटवर दोन क्रम छापायचे, पांढरा आणि निळा. पहाटे पाचला रडारची चित्रं आणि प्रत्यक्ष आकाश पाहून त्यातला एक क्रम जाहीर करायचा. त्यानंतर अकराला एकदाच फेरविचार. मधे कुणी ‘जरा थांबून बघू’ म्हणायचं नाही, कारण तासन्‌तास जातात ते या थांबून बघण्यात.

विजेसाठी वेगळा नियम. सगळ्या विभागप्रमुखांच्या फोनवर ‘दामिनी’ घेतलं आहे. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर सांगतं. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की छपरावरची, बांधावरची आणि विहिरीवरची माणसं घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर जायचं नाही. जनरेटरवरचे लाइट उघड्यावर बंद.

अठरा बाय बारा फुटांच्या चार ताडपत्र्या, ५,२००. शेवटच्या सीनच्या पावसासाठी टँकर सांगितला, दोन खेपा, ६,०००. आगाऊ १,५०० दिले.

२१ मे, दिवस पहिला

काल संध्याकाळी वळीव कोसळला. युनिट रात्री अकराला पोचलं आणि अंगणावर ताडपत्री टाकायची राहिली. ही चूक सर्वस्वी माझी. ताडपत्र्या कॅमेऱ्याच्या गाडीत होत्या, आणि ती गाडी सगळ्यात शेवटी आली. सामान उतरवण्याच्या यादीत त्या पहिल्या हव्या होत्या.

सीन चार, कुरडयांचा. हा कुठल्याही आवृत्तीत कोरडाच आहे, ओल त्याच्यानंतर सुरू होते. सारवलेलं अंगण पहाटे पाहिलं तर शेण वाहून गेलेलं, खालची माती उघडी पडलेली, मधे डबकी. घरच्या काकींनी लगेच सारवायला घेतलं, पण ऊन नऊच्या पुढे आलं तेही पातळ. साडेनऊला हात लावला तर बोटाला शेण लागत होतं. तीन तास गेले.

शेवटी सीन फोडला. कुरडया बाजेवर धोतराच्या पानावर वाळत घातल्या होत्या, तेवढी बाज ओसरीच्या कडेला घेतली आणि जवळचे शॉट काढले. म्हातारीचं काम करणाऱ्या मावशींना कुरडया उलटायला सांगितल्या. त्यांनी स्वतःहून प्रत्येक कुरडईच्या मधल्या वेटोळ्यावर अंगठा दाबून बघितला. कडा आधी वाळतात, मध्य ओलसर राहतो, म्हणून घरोघरी तसंच बघतात. जी लवचिक लागली ती त्या पुन्हा पालथी ठेवत होत्या. हे पटकथेत नव्हतं. कॅमेरा त्या अंगठ्यावर राहिला. मोठा शॉट, म्हणजे सगळं अंगण, बाज आणि दारात उभा मुलगा, तो मात्र राहिला. उद्या-परवा मिळेल असं म्हणून नोंद केली.

दुपारी माजघरातले सीन तीन आणि पाच. पाचमध्ये ते वळवाचं वाक्य दोन्ही प्रकारे घेतलं, असलेलं आणि नसलेलं. दहा मिनिटं जास्त लागली, पण त्यामुळे पुढचे सगळे दरवाजे उघडे राहिले.

२२ मे, दिवस दुसरा

रात्री पाऊस नाही. कौलं आठपर्यंत कोरडी ठणठणीत, जमीन मात्र काळपट ओली. पहाटेच निर्णय झाला की ओल पाचनंतर सुरू. जमीन ओली चालेल आणि छप्पर कोरडं आहे, म्हणून मुलगा वर चढू शकतो. सीन सहा पांढऱ्या आणि निळ्या पानांचं मिश्रण झाला. असं मिश्रण होईल हे आधी धरलं नव्हतं, त्यामुळे कुठली वाक्यं कुठल्या पानावरची घ्यायची ते ठरवण्यात पाऊण तास गेला असता. लेखक हजर होता म्हणून दहा मिनिटांत झालं.

कौलं उतरवली ती घराची नाहीत. घरालगतच्या कौलारू लाकूडखोलीचीच, दोन ओळी, आणि त्यांच्या खाली आतून ताडपत्री ताणून बांधलेली. कॅमेऱ्याला ती दिसत नव्हती. माणसं राहतात ते छप्पर शूटसाठी उघडायचं नाही, हे पहिल्या रेकीतच गावकऱ्यांशी बोलून ठरलं होतं. दुपारी पावणेदोनला वीज दिसली, पंधरापर्यंत मोजेतो गडगडाट. सगळे खाली. पन्नास मिनिटं गेली. सर येऊन गेली तेव्हा ताडपत्रीत घागरभर पाणी साचलं होतं. खाली सरपणात एक थेंब नव्हता.

२३ मे, दिवस तिसरा

आज आराखडा मोडला. पहाटेपासून झिमझिम. आभाळ एकसंध राखाडी, वारा नैर्ऋत्येकडून, गरम होत नाही, ढग फुटत नाहीत. समुद्रात कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र आहे. याला वळवाचा नियमच लागू नाही. सकाळ मोकळी आणि दुपार पावसाची, ही विभागणीच राहिली नाही.

निळी पानं उघडली आणि चूक लख्ख दिसली. ती सगळी पडून गेलेल्या पावसाची होती. जमीन ओली, आभाळ उघडं. पडत्या पावसाचं एकही पान आमच्याकडे नव्हतं. सीन नऊ आणि अकरा दोन्ही आज बाहेर होते. मीच ठरवलेला नियम मोडून आम्ही अकरापर्यंत ‘उघडेल’ म्हणत थांबलो. साडेचार तास गेले, आणि त्यांतले निम्मे केवळ आशेवर.

अकराला राखीव सीन काढले. माजघरातले चारपैकी दोन परवाच संपलेले, आठवा काल दुपारी झाला. उरला फक्त सीन दहा. तो घेतला. मग पडवीतला तेरावा घ्यावा म्हटलं, रिमझिम आहे आणि पेंढा टाकलेला आहे. तर त्यात चुलत्याचं पात्र आहे आणि त्या नटांची तारीख २५ची. माझ्या रकान्यांत जागा, वेळ आणि पाऊस होता, माणूस नव्हता. ज्यातली माणसं आज गावात नाहीत तो राखीव सीन असून नसल्यासारखा. फोन केला, ते साताऱ्याहून चारला आले, एका जादा दिवसाचे ६,०००. सीन सात वाजता संपला. दोन टेकमध्ये सर जोराची होती, ती वाक्यं डब करावी लागणार.

रात्री साडेआठ ते एक लेखक, दिग्दर्शक आणि मी ओसरीवर. उद्याही असाच पाऊस राहिला तर? लेखकाने वहीत ओढलेली पहिली रेघ अशी होती: सतराव्या सीनमधला ‘पाऊस आला’ काढून टाकू, तिथे ‘घर गळलं’ आणू. म्हणजे नवव्या सीनपासून झिमझिम आहेच, सगळ्यांना दिसते आहे, शाकारणी अर्धी झाली आहे. आणि सतराव्यात माजघरात पहिला थेंब पडतो. म्हातारी उठते आणि त्याखाली पातेलं ठेवते. पाऊस येण्यापेक्षा हे जवळचं वाटलं. शिवाय ते घरात आहे, पाइपने हवं तेवढं पाणी वरून सोडता येतं, म्हणजे ते आमच्या हातात आहे.

सीन नऊही नव्याने लिहिला. बांध तोच, पण म्हातारीच्या डोक्यावर घोंगडीची खोळ आणि मुलाकडे छत्री. ती छत्रीत येत नाही. वाक्यं सतरा होती, आठ ठेवली. पावसात सिंक साउंड कठीण, म्हणून जितकी कमी तितकी बरी हा हिशोब होता. पण सकाळी मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, “आधी मी फार बोलत होते हो यात.”

२४ मे, दिवस चौथा

केरळात मोसमी पाऊस आज पोचल्याची घोषणा झाली, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. आणि समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र आणखी तीव्र होऊन रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे दिवसभर पाऊस, मधे मधे उघडीप.

जनरेटरची गाडी शेताच्या वाटेवर रुतली. रेकीच्या वेळी ती वाट दगडासारखी टणक होती. ट्रॅक्टरने ओढली, १,५००, एक तास चाळीस मिनिटं. गाडी आत जाणार नाही म्हटल्यावर बांधावर बॅटरीवरचे दोन एलईडी लाइट नेले, प्लास्टिकच्या आवरणात. पावसात जनरेटरची केबल चिखलातून ओढण्यापेक्षा हेच बरं.

पडणारा पाऊस कॅमेऱ्यात आपोआप दिसत नाही, हे इथे शिकावं लागलं. पहिल्या शॉटमध्ये आम्ही भिजून गेलो होतो आणि मॉनिटरवर पाऊस जवळपास नाहीच. मागे राखाडी आभाळ, प्रकाश समोरून. कॅमेरामननी कॅमेरा फिरवला, मागे आंब्याची गर्द राई आणली आणि एक लाइट नटांच्या मागून, बाजूला उंचावर ठेवला. थेंब उजळले आणि रेघा दिसायला लागल्या. आंब्याकडे तोंड केल्यावर पाऊस आहे आणि आभाळाकडे केल्यावर नाही, असं झालं. मग सीन अकरा ठरवून आभाळाच्या बाजूने घेतला, कारण तिथे पाऊस नसल्यासारखाच हवा होता. फक्त छत्र्या कॅमेऱ्याच्या वर धरायच्या आणि नटांचे खांदे टेकच्या आधी टिपून घ्यायचे.

२५ मे, दिवस पाचवा

सकाळी नऊला चक्क ऊन. सगळ्यांना आनंद, मला धडकी. आता नऊनंतरचं सगळं ओलं आहे. सीन चौदा आणि सोळा उन्हात, सुकत चाललेल्या वाटेवर घ्यायचे म्हणजे मागचं पुढे जुळणार नाही. मोटारीच्या पाइपने वाट भिजवली, नटांचे कपडे फवाऱ्याने, आणि ढगाची सावली येईपर्यंत थांबून सावलीतच शॉट घेतले. उन्हातला एकही ठेवला नाही.

टँकर परत पाठवला. आगाऊ १,५०० गेले, ४,५०० वाचले. रात्री सीन सतरा माजघरात. एका कौलाखाली काडी सरकवून फट केली, वर एकाने तांब्याने पाणी सोडलं. पहिला थेंब पातेल्याच्या काठावर पडावा की आत, यावर नऊ टेक झाले. काठावर पडला की आवाज नीट येत नाही आणि थेंब उडतो. आत, कोरड्या तळावर, पडला तो टेक ठेवला. अठरावा सीन दारातून बाहेर पाहतानाचा, खऱ्या पावसात, मागून एका लाइटवर. रात्री पावणेबाराला पॅक-अप.

२ जून

पहिली जोडणी पाहिली. हवामान जुळण्यात एकच जागा खटकते. सहाव्या सीनमध्ये उन्हाचा कडक कवडसा आहे आणि लगेच आठव्यात खिडकीबाहेर मलूल उजेड. तिथे संकलकाने छपरावरून घरंगळणाऱ्या कौलाचा शॉट टाकून वेळ लोटली. चालून जातं.

राखीव रकमेतून गेले ते असे: जादा तासांचे ११,०००, जादा तारीख ६,०००, डबिंग ५,०००, ताडपत्र्या ५,२००, गोणपाट-पेंढा १,९००, ट्रॅक्टर १,५००, टँकरचे आगाऊ १,५००. एकूण ३२,१००. वेळ गेला दहा तास.

नव्या ब्रेकडाउनचा कागद तयार केला. पावसाच्या रकान्याचे आता दोन झाले आहेत, ‘पडून गेला’ आणि ‘पडतोय’. त्याशेजारी ‘कोण लागेल’ आणि ‘छप्पर कशाचं’.

सीन चारचा मोठा शॉट राहिला तो राहिलाच. आता अंगणात शेवाळ येईल, दसऱ्यापर्यंत मागचा डोंगर हिरवागार असेल, आणि डोंगर करडा हवा. म्हणजे पुढच्या मेशिवाय तो शॉट नाही. लेन्स, कॅमेऱ्याची उंची, बाजेची जागा, मुलाचा शर्ट कुठवर खोचलेला, हे सगळं एका कागदावर लिहून पटकथेला टाचलं आहे. कुरडया मावशींनी पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्यात.